मालन मावशीचा मिक्सर आणि हळदकुंकू

अरे ऐका ना, आमच्या मालन मावशीचं काय झालं! सांगलीत ती दिवाळीची भाजणी करून विकते, माहितीये ना? तिचा जुना मिक्सर मेला, म्हणून ऑनलाइन सेलमध्ये नवा मागवला. चांगल्या कंपनीचा, जाड भांड्यांचा. खोकं आलं, तर बाई उघडेना.

"दसऱ्याला पूजा करूनच लावायचा, चिमे. उगाच हात लावू नकोस."

दसऱ्याला खोकं उघडलं, मिक्सरवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, फुलं वाहिली, बटण दाबलं, आणि धूर. सर्व्हिस सेंटरमधल्या तांबोळींनी मिक्सर उलटा करून बघितला. "मावशी, हा आमचा नव्हेच. हा नंबर आमच्याकडे नोंदलेलाच नाही." तसं लिहूनही दिलं. पण परत करायची मुदत कधीच उलटलेली.

मग मी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. ऑर्डर क्रमांक, बिल, तांबोळींचा कागद, आणि खोक्याचे, लेबलचे, मिक्सरचे फोटो, सगळं जोडलं. दोन दिवसांच्या आत पोच आली, तक्रार क्रमांकासकट. मी म्हटलं, वा! मावशी म्हणाली, "पोच काय दळायला घालू?" कारण नियमाने निवारणाला महिना, आणि दिवाळी त्याच्या आधी.

मग उत्तर आलं: मुदत संपली आहे, शिवाय फोटोत वस्तूवर डाग दिसतात, म्हणजे ती वापरलेली आहे. तक्रार बंद.

"डाग?" मावशी म्हणाली. "कुंकवाला डाग म्हणतोय? त्याच्या घरी कोणी नाहीये का?"

मी १९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, कागद अपलोड करायला सांगितले, आणि तक्रार थेट साइटच्या कंपनीकडे पाठवली. चारच दिवसांत साइटवाल्यांचा फोन आला, आवाज एकदम गोड. पैसे परत, माणूस येऊन मिक्सर घेऊन जाईल.

मावशीने काय करावं? लेक सासरी पाठवावी तसा मिक्सर घासूनपुसून लख्ख केला!

पोरगा आला, मोबाइलमध्ये फोटो बघितला, मिक्सर बघितला, मान हलवली. "काकू, फोटोत लाल नक्षी आहे. ह्याच्यावर नाही. जुळत नाही, अ‍ॅप घेत नाही."

"अरे, पुसलंय ते."

"वस्तू बदललीय असं दाखवतंय. मी काय करू?"

मावशीने कुंकवाचा करंडा आणला. पोरगा फोटो धरून उभा. "थोडं डावीकडे, काकू. हां, आता हळद." फोटो जुळला. मिक्सर गेला.

पैसे आले तशी मावशी गणपती पेठेतल्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मावशी, उद्या धनत्रयोदशी आहे, उद्या न्या की, मुहूर्त चांगला."

"मुहूर्त राहू दे," मावशी म्हणाली, आणि पिशवीतून मूठभर डाळ काढली. "आधी प्लग कुठाय ते सांग."