मधल्या रेघेचा फळा

मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नाही. माझ्यावर पाढे कधी चढले नाहीत. मित्रांनो, माझ्यासमोर लग्न ठरलेली माणसं बसत, आणि मी त्यांची अक्षरं पाहत असे.

एका सुताराने मोडीत निघालेल्या दाराच्या फळ्या जोडून मला बनवलं. काळा रंग दिला, कडेला खडू ठेवायला पट्टी ठोकली आणि प्रार्थनागृहामागच्या लांबट खोलीत मला टांगलं. तिथे एक बाई लग्नाआधीचे वर्ग घेत. बाईंचा आवाज बारीक होता आणि मधूनमधून खोकला येई, म्हणून त्या कमी बोलत आणि जास्त लिहायला लावत.

वर्ग तीन संध्याकाळींचा असे. पहिल्या संध्याकाळी पैसा, दुसऱ्या संध्याकाळी सासर-माहेर, तिसऱ्या संध्याकाळी रोजचा दिवस. बाई आधी माझ्या मधोमध एक उभी रेघ ओढत. डावी बाजू मुलाची, उजवी मुलीची. दोघांनी एकमेकांच्या बाजूकडे न पाहता लिहायचं: मिळकत काय, कर्ज काय, आईवडिलांना काय देणार, दानाला काय, बचत म्हणून मागे काय टाकणार, आणि शेवटी हे सगळं कोण ठरवणार. मग वळून एकमेकांचं वाचायचं. “पवित्र शास्त्रात मनोरा बांधणाऱ्या माणसाचा दाखला आहे,” बाई सांगत. “तो पाया खणायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तुम्हीही बसा. उभ्याउभ्या हो म्हणू नका.” कुणाचं कर्ज त्या संध्याकाळी पहिल्यांदाच उघडं पडे. कुणी रडे, कुणी भांडे आणि बहुतेक जण पुढच्या वर्गाला एकत्र येत. बाईंची लोक फार वाखाणणी करत. दरवर्षी मला नवा रंग मिळे.

मग ती जोडी आली.

मुलगी तपासणीच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणारी. मुलगा उमदा, हसरा, सगळ्यांना दार उघडून धरणारा. आल्या आल्या त्याने बाईंची खुर्ची पुसली. मला मात्र त्याची खडू धरण्याची पद्धत आवडली नाही. तो फार दाबून लिहीत असे.

त्याची बाजू झटकन भरली. मुलगी शेवटच्या ओळीशी अडली होती. तेव्हा त्याने वळून, रेघ ओलांडून, तिच्या बाजूला स्वतःच लिहून टाकलं: पगार आईकडे.

“अगं, एवढा काय विचार करतेस? आमच्याकडे सगळ्यांचे पगार आईकडेच जातात.”

“माझ्या बाबांची औषधं मी आणते,” मुलगी म्हणाली.

“मग आईला सांगायचं. आम्ही काय नाही म्हणणार आहोत?”

बाईंनी खडू खाली ठेवला. “हेच वाक्य ‘आपण’ म्हणून सांग बरं.”

तो मोठ्याने हसला. “बाई, तुम्ही व्याकरणाचा तास घेताय की लग्नाचा?”

“दोन्ही एकच आहेत,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी त्याची आई सोबत आली आणि मागच्या बाकावर पर्स मांडीत घेऊन बसली. वर्ग दोघांचाच असतो, असं बाईंनी नरमाईने सांगितलं. “तुमचं चालू द्या हो. मी कुठे काय बोलतेय?” असं म्हणून ती पहिल्या प्रश्नापासून बोलू लागली.

त्या संध्याकाळी बाईंनी शास्त्रातली जुनी आज्ञा समजावली. पुरुषाने आईबापांना सोडून बायकोला धरून राहायचं. सोडणं म्हणजे टाकणं नव्हे. आईबापांचा मान राखा, हेही त्याच शास्त्रात आहे. सोडणं म्हणजे निर्णयाचं घर बदलणं. मग त्यांनी कामाचे नियम लिहून दिले. आपल्या आईवडिलांना अवघड गोष्ट आपणच सांगायची, जोडीदाराला पुढे करायचं नाही. नवराबायकोचं गाऱ्हाणं माहेरी किंवा सासरी न्यायचं नाही. मार लागला किंवा भीती वाटली तर मात्र लपवायचं नाही. घराची जादा किल्ली कुणाकडे राहील, हे दोघांनी मिळून ठरवायचं.

“किल्ली?” आई म्हणाली. “माझ्या घराची किल्ली मी कुणाला विचारून ठेवू?”

मग बाईंनी नेहमीचा सराव दिला. मुलाने आईसमोर उभं राहून एकच वाक्य बोलायचं: आम्ही दोघं ठरवून तुम्हाला सांगू.

मित्रांनो, ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. लग्नानंतर हे दोन शब्द जागा बदलतात. आईशी बोलताना ‘आम्ही’, बायकोशी बोलताना ‘आपण’. बाई तीन संध्याकाळी एवढंच शिकवत होत्या, असं मला वाटतं.

तो उभा राहिला. “आई, आम्ही...” आईने नुसतं वर पाहिलं. “...आई, आपण बघू ना घरी.” तो हसला. खोलीत दुसरं कुणी हसलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मुलगी लवकर आली, एकटी. “बाई, पत्रिका वाटून झाल्यात. तुम्ही माझ्या जागी असता तर?”

“मी तुझ्या जागी नाही. निर्णय तुझा,” बाई म्हणाल्या. “पण तुला काय दिसलं, ते मलाही दिसलं. घाबरून हो म्हणू नकोस, एवढं मी नक्की सांगेन. आता लिही.”

विषय रोजच्या दिवसाचा होता. आधी कोण उठतं, स्वयंपाक कुणाचा, आठवड्यातला विसाव्याचा दिवस दोघांनाही मिळतो का, राग झोपण्याआधी मिटवायचा तर बोलणार कधी आणि कुठे. तिने आपली बाजू भरली. लॅबची वेळ, बाबांकडची फेरी, पगार तिच्या खात्यात आणि घरखर्चाला तिचा वाटा, रात्री जेवणानंतर दोघांचं बोलणं.

तो आईसह आला. त्याने सगळं वाचलं, डस्टर उचललं आणि तिची बाजू वरपासून खालपर्यंत पुसली. सावकाश, एक कोपरा न सोडता.

“लॅब कशाला लागतेय आता? आम्ही ठरवलंय.”

“कधी?” मुलीने विचारलं.

“परवा. तू नव्हतीस.”

तिने हातावरची खडूची पूड झटकली. “लग्नातही मी नाही,” ती म्हणाली आणि निघाली. तो दारात आडवा झाला. बाई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्या त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. तरी त्या तिथून हलल्या नाहीत. मग तो बाजूला झाला आणि त्याने नेहमीसारखं दार उघडून धरलं.

बाईंनी जुळलेलं लग्न मोडलं, असं गावभर झालं. प्रार्थनागृहाच्या सेक्रेटरींनी वर्ग काढून घेतला. आता वर्ग एकाच संध्याकाळी उरकतो. भिंतीवर व्हिडिओचा पडदा आला, मी शेजारच्या अडगळीच्या खोलीत आलो. बाई वर्गाच्या खोलीत पुन्हा आल्या नाहीत. थंडीत त्या गेल्या, हे मला भिंतीपलीकडच्या शोकसभेतून कळलं. माझा रंग पोपडे धरून सुटतो आहे.

काल भिंतीपलीकडून त्याच मुलाचा आवाज आला. तो कुणासाठी तरी खुर्ची सरकवत होता. एक नवी मुलगी खुदकन हसली. “किती काळजी घेतोस रे,” ती म्हणाली. पडद्यावरचा माणूस भराभर बोलून थांबला. कुणाला प्रश्न आहे का, सेक्रेटरींनी विचारलं. त्यानेच उत्तर दिलं, “नाही, आम्हाला काही प्रश्न नाही.”

मित्रांनो, मला रंग नका देऊ. माझे पोपडेही राहू देत. फक्त मला उचलून पलीकडे न्या, मधोमध रेघ ओढा आणि खडू आधी तिच्या हातात द्या. लग्नाच्या नोंदवहीत त्यांची सही अजून व्हायची आहे.