सहममधली सोळा मुलं

गुरुदत्तने लॅपटॉप विद्याकडे वळवला आणि बोट एका आकड्यावर ठेवलं. "शेहेचाळीस. हा आकडा काढून टाक, मग आपण बोलू."

"का काढू? मुलांची नावं आहेत माझ्याकडे. मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी स्वतः लिहिलीयत."

"नावं आहेत गं. पैसे कुठे आहेत?"

तिचा नवरा गुरुदत्त ओमानमधल्या सोहार शहरात एका कंपनीत अकाउंट्स बघत होता, आणि घरीही त्याचं बोलणं ऑडिटरसारखंच असे. विद्या सहम गावाजवळच्या मोठ्या इंडियन स्कूलमध्ये बालवर्ग शिकवत होती. तिथे एका वर्गात चाळीस मुलं. मधल्या सुट्टीत कोण रडतंय हे कळायलाही वेळ लागे. तिला स्वतःची लहानशी बालवाडी काढायची होती, आणि त्यासाठी तिने राजीनामा दिला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हातात आलेले सात हजार रियाल हेच तिचं भांडवल.

खर्चाबद्दल दोघांचं भांडण नव्हतं. व्हिलाचं भाडं महिना चारशे. दोन शिक्षिका, प्रत्येकी अडीचशे. मावशी एकशेतीस. वीज, पाणी, सटरफटर शंभर. विद्या स्वतः पगार घेणार नव्हती. वर्षाचे झाले साडेतेरा हजारांच्या वर. फी महिना चाळीस, पण फी दहाच महिने मिळते आणि भाडं नि पगार बारा महिने द्यावे लागतात, हे गुरुदत्तने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. म्हणजे एका मुलामागे वर्षाला चारशे. चौतीस मुलं आली तर शाळा तरते.

"आपल्याकडे तर बारा जास्त आहेत," विद्या म्हणाली.

"प्रत्येकाकडून तीस रियाल नोंदणी घे. परत न मिळणारे. मग जी नावं उरतील ती मोजू."

"अरे, या बायकांच्या डोहाळजेवणाला मी ओटी भरलीय. दिवाळीचा फराळ यांच्या घरी खाते. आणि आता दारात जाऊन सांगू, तुमच्या शब्दावर विश्वास नाही, तीस रियाल टाका?"

"हो."

"तू कर मग. मला नाही जमणार."

त्यानेही ते केलं नाही. मंडळातली माणसं त्याचीही होती. आकडा तसाच राहिला.

परवाना फरिदाच्या नावावर निघाला. ती इथलीच, पूर्वी सरकारी शाळेत शिकवायची, आणि कामाचं बोलणं झाल्याशिवाय कॉफीला हात लावत नसे. घरमालक जुनैदने रिवाजाप्रमाणे वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चार चेक घेतले, तीन-तीन महिन्यांचे. भाडं डिसेंबरपासून सुरू झालं. तपासणी, अग्निशामक यंत्रणा, खिडक्यांना जाळ्या, सगळं शाळा सुरू होण्याआधी हवं, म्हणून एप्रिलपर्यंत चार महिने एक पैसाही येणार नव्हता. गुरुदत्तने ते धरलेलं होतं. बुटकी टेबलं, खुर्च्या आणि कपाटं सोहारच्या कारखान्यातून आली. विद्या एका खुर्चीत बसून बघायला गेली आणि तिथेच अडकली. रेखाने, म्हणजे पहिल्या शिक्षिकेने, दोन्ही हात धरून ओढून काढलं तिला.

"मॅडम, ॲडमिशन तुम्हालाच द्यायला लागणार!"

इतकं हसणं विद्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

मार्चमध्ये मोठ्या शाळेने बालवर्गाची नवी तुकडी जाहीर केली. आमच्या बालवर्गातली मुलं थेट आमच्या पहिलीत जातील, असं पत्रकात लिहिलं होतं. बाहेरून येणाऱ्यांबद्दल एक शब्दही नव्हता.

दुसऱ्या दिवशी वल्लरीचा फोन आला. यादीत पहिलं नाव तिच्या अनयचं होतं.

"विद्याताई, रागावू नका हं. तुमच्यासारखं कोणी शिकवणार नाही, मला माहितीय. पण पहिलीचा प्रश्न आहे ना हो. उद्या तिथे सीट मिळाली नाही तर आम्ही काय करायचं?"

"आधी बोलली असतीस तर..."

"आधी कुठे माहीत होतं? आणि तुम्हाला नाही म्हणवत नव्हतं."

फी भरायच्या दिवशी विद्या पावतीपुस्तक घेऊन सकाळपासून बसली. संध्याकाळी सोळा पावत्या फाटल्या होत्या. बाकीच्यांपैकी कोणी फोन घेतला नाही. काहींनी ग्रुपवर हात जोडल्याच्या खुणा टाकल्या.

गुरुदत्तने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"एक शिक्षिका कमी केली," तो म्हणाला, "आणि तो वर्ग तू घेतलास, तरी सत्तावीस मुलं लागतात. सोळांवर वर्षाला चार हजारांचा खड्डा."

"जुनैद भाडं कमी करेल."

"पन्नास करतो म्हणाला. सहाशे वाचले. पुढे?"

"आपल्या सईच्या कॉलेजसाठी ठेवलेले?"

"ते तिच्या शेवटच्या वर्षाचे आहेत, विद्या." तो म्हणाला. "आणि जूनचा चेक परत गेला तर प्रकरण पोलिसांत जातं. सही तुझी आहे."

तिने पावतीपुस्तक मिटलं. मग म्हणाली, "खलास?"

"खलास."

पुढचे दोन दिवस निरोप देण्यात गेले. फरिदाने ऐकून घेतलं आणि विद्याचा हात दोन्ही हातांत धरला. जुनैदने न वटलेले दोन चेक परत दिले. डिपॉझिट आणि वटलेल्या दोन चेकचे पैसे ठेवून घेतले, आणि तो त्याचा हक्क होता. रेखाने बौशरमधली नोकरी आणि तिथली खोली सोडली होती. तिने फक्त विचारलं, "मग मी या महिन्यात कुठे राहू?" तिला दोन महिन्यांचा पगार दिला आणि सात हजारांतलं जे उरलं होतं तेही संपलं. फीचे पैसे मात्र विद्याने हात न लावता वेगळे ठेवले होते.

परत करायला पहिलं घर तिने रमणचं घेतलं. रमण कुडाळचा, गॅरेजमध्ये फोरमन. सगळ्यांनी एकेका महिन्याची फी भरली होती, त्याने पूर्ण वर्षाची. तो दारातच भेटला. आत त्याची बायको प्रेमा भांडी कागदात गुंडाळत होती, आणि मुलगी पूर्वा एका उघड्या बॅगेत बसली होती.

"हे काय, रमण?"

"ग्रुपवर वाचलंय, बाई. आता ठेवून काय करू हेंका?"

"मोठ्या शाळेत विचारलंस?"

"इचारलंय. भरली. आणि थंयली फी नि व्हॅन माका झेपना नाय. तुमची शाळा होतली म्हणान तर गेल्या वर्षी हेंका हाडलंय हंय. चार वर्षां हिका फोनवरच बघितलंय मी."

विद्याने पाकीट पुढे केलं. त्याने ते न उघडता खिशात घातलं.

"मी घरी शिकवते तिला. रोज. एक पैसा नको."

"तुमी शिकवशात, बाई. पण दाखलो कोण देतलो?"

प्रेमा आतून म्हणाली, "बाई, चाय घेवा." विद्या नको म्हणाली, मग बसली, कारण नको म्हटल्यावरही प्रेमाने गॅस लावला होता.

पूर्वा बॅगेतून उठून तिच्याजवळ आली. "मिस, आय ॲम गोइंग... गावाक."

"हो गं. आजी आहे ना तिथे?"

"पप्पा नॉट कमिंग."

रमण दाराबाहेर चपलांशी काहीतरी करत उभा राहिला. चहा गरम होता, तरी विद्याने तो एका दमात संपवला. निघताना तिने पूर्वाच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

गाडीत बसल्यावर तिने पुढचा पत्ता बघितला. अजून पंधरा घरं बाकी होती.