विब्रेनचा केक

ॲम्स्टरडॅमच्या आमच्या तर्कशास्त्र विभागात प्राध्यापक विब्रेन दर गुरुवारी बडीशेपेचा केक आणत. केक विटेसारखा असे, तरी सगळे खात. आपल्याला ठाऊक असलेलं इतरांनाही ठाऊक आहे हे कसं कळतं, या विषयावरच्या माझ्या प्रबंधावर सही त्यांचीच हवी होती, मी एकटी कशी नाही म्हणणार?

एकेकाला गाठून मी विचारलं. प्रत्येक जण कुजबुजला, "नाही गं आवडत, पण बाकीच्यांना आवडतो ना."

पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर मी म्हणाले, "विब्रेन, हा केक इथं कुणालाच आवडत नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काटे खाली ठेवले. विब्रेननीही ठेवला.

"सुटलो एकदाचा. मला वाटायचं, तुम्हालाच आवडतो. हे प्रबंधात घाल, लगेच सही करतो."