आठवी की नववी

चैतालीने रोशेलची चिठ्ठी फाइलमधून तिसऱ्यांदा काढली आणि पुन्हा तोच लाल काट पाहिला. तास सुरू व्हायला बारा मिनिटं होती. आजच पर्यवेक्षिका परचुरेबाई मागच्या बाकावर बसून पाठ पाहणार होत्या, आणि त्यांच्या शेऱ्यावर चैतालीची नोकरी कायम व्हायची की नाही ते ठरणार होतं. दोन वर्षं प्रोबेशनवर काढल्यावर माणसाला एवढं तरी वाटतंच, की शेवटच्या दिवशी देवाने नाही तर निदान लाल पेनाने दगा देऊ नये.

दगा पेनाचा नव्हताच म्हणा. तो काट तिनेच मारला होता.

विश्रांतवाडीच्या त्या शाळेत नववीला ‘धर्म आणि नीती’ नावाचा एक घटक शिकवत. यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांतले नीतिनियम, पाच टप्प्यांत. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पाच गुणांची चिठ्ठी. चारपेक्षा कमी गुण पडले तर मधल्या सुट्टीत फेरपाठ आणि पुन्हा चिठ्ठी. पहिल्या टप्प्यात यहुदी आणि ख्रिस्ती दोघेही मानतात त्या दहा आज्ञा होत्या. प्रश्न सोपे होते: ‘खून करू नकोस’ ही कितवी, ‘आईवडिलांचा मान राख’ ही कितवी, आणि असेच आणखी तीन. उत्तरसूची शाळेच्या फाइलमध्ये तयार होती. सहावी, पाचवी. रोशेल डिमेलोने लिहिलं होतं: पाचवी, चौथी. दोन काट. पाचपैकी तीन.

चैतालीला तेव्हा नवल वाटलं होतं. चर्चमध्ये जाणाऱ्या मुलीला एवढंही येऊ नये? त्याच वर्गातल्या अभय साळवेचं घर पण ख्रिस्तीच, आणि त्याने बरोबर सहावी लिहिलं होतं. म्हणजे सूची बरोबर, पोरगी कच्ची. रोशेल मधल्या सुट्टीत डबा न खाता बसली, दहा आज्ञा शाळेच्या क्रमाने तीनदा लिहिल्या आणि दुसऱ्या चिठ्ठीत पाचपैकी पाच मिळवले. चैतालीने हेच उदाहरण आपल्या प्रोबेशनच्या अहवालात घातलं होतं. ‘फेरपाठाची परिणामकारकता.’ मथळा ठळक अक्षरांत.

काल तिसऱ्या टप्प्याच्या चिठ्ठीखाली रोशेलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: “मिस, पहिल्या चिठ्ठीचं एक विचारायचं होतं. पण आई म्हणाली, जाऊ दे, शाळेत शाळेचं लिही.”

ते वाचल्यावर चैतालीने पहिल्यांदा सूची सोडून इतरत्र पाहिलं. पंधरा मिनिटांत कळलं. मूळ ग्रंथात आज्ञांना आकडे घातलेलेच नाहीत. कुणी कुठे तोडायचं यावर आकडा ठरतो. ‘माझ्याखेरीज दुसरे देव मानू नकोस’ आणि ‘मूर्ती करू नकोस’ हे रोशेलच्या घरच्यांसारखे कॅथलिक एकच धरतात, म्हणून पुढचं सगळं एक आकडा अलीकडे येतं, आणि ‘लोभ धरू नकोस’ ही शेवटची आज्ञा ते दोन आज्ञांत वाटतात. साळवेंच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये मूर्तीची आज्ञा वेगळी. यहुदी मोजणी आणखी तिसरीच. ‘मी तुझा देव, ज्याने तुला मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर काढलं’ हेच त्यांचं पहिलं वचन. म्हणजे अभयही बरोबर आणि रोशेलही बरोबर. चुकली होती ती चैताली, आणि वर तिने त्या पोरीला स्वतःच्या घरचं मोजणं चुकीचं आहे असं तीनदा लिहायला लावलं होतं.



साधं होतं, सांगून टाकायचं. पण ती सूची ज्या अक्षरात लिहिली होती ते अक्षर शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. गोल, ठसठशीत, हिरव्या शाईतलं. परचुरेबाईंचं. नऊ वर्षांपूर्वी हा घटक त्यांनीच बसवला होता. आता त्यांच्यासमोरच त्यांची चूक सांगायची म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. नाही सांगायची तर अहवालात तो ठळक मथळा तसाच राहणार.

‘पुढच्या आठवड्यात रोशेलला एकटीला बोलावून सांगू,’ असं तिने मनाशी ठरवलं. लगेच स्वतःचीच लाज वाटली. घंटा झाली.

वर्गात एकतीस मुलं होती आणि मागच्या बाकावर परचुरेबाई. साडी कडक, निरीक्षणाचा फॉर्म समोर, हिरवं पेन हातात.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या. “मी नाहीच असं समजा.”

असं समजायला माणूस दगडाचा हवा. चैतालीने फळ्याकडे तोंड केलं. चौथ्या टप्प्याचा विषय होता ‘साक्ष’. तिन्ही धर्म एकाच गोष्टीबद्दल काय सांगतात ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. तिने तीन रकाने आखले. डावीकडच्या रकान्यात लिहिलं, ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस’, आणि पुढे कंसात क्रमांक घालायला खडू टेकवला.

पाठाच्या टाचणात लिहिलं होतं, नववी. रोशेलच्या घरी आठवी.

खडू तिथेच राहिला. कंस उघडा. तिने हळूच मागे पाहिलं. पहिल्याच बाकावर रोशेल वहीत मान घालून बसली होती, सगळ्यांच्या आधीच तिने क्रमांक लिहूनही टाकला होता. नववी. शाळेचा.

चैतालीला रडूच येईल असं वाटलं. तिने कंस पुसला आणि मधल्या रकान्याकडे वळली.

“डोंगरावरच्या प्रवचनात येशू शपथेबद्दल काय म्हणतो? अभय?”

“शपथ वाहूच नका म्हणतो मिस. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही.”

“छान. म्हणजे फक्त कोर्टात नाही, रोजच्या बोलण्यातसुद्धा. आणि कुराणात? सना, सूरह अन्-निसा, एकशे पस्तीस.”

सना शेख उठली. तिला वाचायला सांगावं लागत नसे, थांबायला सांगावं लागे. “न्यायावर ठाम राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती तुमच्या स्वतःच्या विरुद्ध असो, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध असो.” ती बसली नाही. “मिस, हे सगळ्यात डेंजर आहे. दुसऱ्याविरुद्ध कोणीपण देतं साक्ष.”

वर्ग हसला. चैताली हसली नाही. तिने टेबलावरची फाइल उघडली, आणि रोशेलची चिठ्ठी वर धरली.

“पहिल्या टप्प्याचं एक राहिलंय,” ती म्हणाली. आवाज नको इतका बारीक निघाला. “आज्ञा मोजण्याची एकच पद्धत नाही. मी तुम्हाला एकच शिकवली. रोशेलचं उत्तर तिच्या चर्चच्या मोजणीने बरोबर होतं. मी चूक दिलं, आणि तिला फेरपाठाला बसवलं. रोशेल, माझी चूक झाली. तुझे दोन्ही गुण परत.”

मग तिने तिन्ही मोजण्या फळ्यावर मांडल्या. कोण कुठे तोडतं, कोण कुठे जोडतं. मुलं लिहून घेत होती. मागून पेनाचा आवाज येत नव्हता. ते जास्त भीतीचं होतं.

“मिस,” सना पुन्हा उभी. “पण उत्तरसूची कोणी केली होती?”

“शाळेची होती. मी तपासून घ्यायला हवी होती.”

“हो, पण केली कोणी?”

“सना, बस.”

“आत्ताच तर शिकवलंत, होय तर होय!”

हशा पिकला. चैतालीचे कान तापले. मागे पाहायची हिंमत होईना. “ज्यांनी केली त्यांच्याशी मी आधी बोलेन,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेऊन मोकळं व्हायचं नाही मला. आता चिठ्ठ्या.”

प्रश्न तिने फळ्यावर लिहिला: स्वतःविरुद्ध खरं सांगणं कठीण का असतं? ग्रंथाचा आधार, दोन गुण. कारण, दोन गुण. उदाहरण, एक गुण. सात मिनिटं.

सात मिनिटं ती टेबलाची कड धरून उभी राहिली. झालं, संपलं, असंच डोक्यात. खराडीला कुठल्याशा कंपनीत ट्रेनरची जागा निघाली होती, बहीण महिनाभर मागे लागली होती, तिथे अर्ज करावा लागणार. आईला काय सांगायचं? खरं बोलले म्हणून घरी बसले?

घंटा झाली, मुलं बाहेर सुटली. तिने सवयीने चिठ्ठ्या मोजल्या. बत्तीस. पुन्हा मोजल्या. बत्तीसच.

शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. शाई हिरवी होती.

‘आधार: अन्-निसा १३५. उदाहरण: दहा आज्ञांची उत्तरसूची मी केली. नऊ वर्षं तीच वापरली जाते आहे. एकाही वर्षी मी ती पडताळली नाही.’ कारणाची जागा कोरी होती.

परचुरेबाई मागच्या बाकावरच बसल्या होत्या. फॉर्म अजून त्यांच्यासमोर होता.

“तपासा,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांच्या तपासता तशाच.”

“मॅडम, मी कशी...”

“अहो, चिठ्ठी आहे ती. गुण घाला.”

चैतालीने लाल पेन काढलं. पाच घालून मोकळं होणं किती सोपं होतं! नोकरी हातात, बाई खूश, कुणाचं काय जाणार होतं? तिने आधारावर दोन लिहिले. उदाहरणावर एक. कोऱ्या जागेपाशी पेन बराच वेळ थांबलं. मग तिने तिथे शून्य घातलं, खाली तीन लिहून गोल केला आणि चिठ्ठी नेऊन दिली.

बाईंनी चष्मा वर सरकवला. “दोन कशाचे कापले?”

“कारण लिहिलं नाहीत, मॅडम.”

“हं.” त्या चिठ्ठीकडे पाहत राहिल्या. “बरोबर आहे. सुचलं होतं, पण लिहवेना. दर वर्षी एखाददुसरं पोर चौथी-पाचवी लिहायचंच हो. मी म्हणायचे, अभ्यास करत नाहीत.”

बाईंनी फॉर्म ओढला. ‘मूल्यमापनातील त्रुटी’ या रकान्यात त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं: कुसुम श्याम परचुरे. खाली ‘कायम करावे’ यावर खूण केली, सही केली, तारीख घातली, आणि जणू हे रोजचंच असल्यासारखा फॉर्म चैतालीच्या हातात दिला.

“तो ठळक मथळा तेवढा काढा अहवालातून,” त्या म्हणाल्या. “आणि त्या मुलीला पाठवा आत. तुम्ही बाहेर थांबा.”

रोशेल व्हरांड्यात डबा उघडून बसली होती. पर्यवेक्षिकांनी बोलावलंय म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

“मिस, मी काही तक्रार नव्हती केली हो.”

“नाही गं. जा तू.”

रोशेलने हात पुसले, दप्तराचा बंद उगाच खांद्यावर घेतला आणि दारात जाऊन ‘मे आय कम इन’ म्हणाली. ती आत गेली तेव्हा परचुरेबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या.