बोटभर जास्तीचं कापड

उद्या माझ्या धाकट्या बहिणीचं, रुचिताचं लग्न, आणि तिच्या ब्लाउजच्या खांद्यावर कारल्यासारख्या चुण्या. शिवणारी मीच. सगळ्या कशेळे गावातल्या बायकांना ब्लाउजच्या बाह्या लावून देते, आणि सख्ख्या बहिणीच्या वेळी ही तऱ्हा.

दोष दुपारचा. दुकानाबाहेर जीपवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते, तेही झोपेतच असल्यासारखे. मशीन पायाखाली खटखटत होतं आणि डोळ्यांसमोर होती लहानगी रुचिता, करवंदाच्या जाळीत टाचा उंचावून हात घालणारी. त्या तंद्रीत मी बाही वरच्या बाजूला ठेवूनच शिवत गेले. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याच्या गोलापेक्षा, बोटभर मोठा असतो. सुईजवळचा मशीनचा दाबाचा पाय वरचं कापड पुढे लोटत नेतो. ते सगळं जास्तीचं सरकत सरकत खांद्यावर गोळा झालं.

उसवलं. शालूतलंच कापड, दुसरा तुकडा नाही. रेशमाला सुईची भोकं राहतात. ही भोकं शिलाईच्या आत लपली असती, पुन्हा उसवलं तर कापडच विरलं असतं. मला रडू यायला लागलं. हात कात्रीकडे गेला. माथा दोन्ही बाजूंनी जरासा छाटला की बाही मुकाट बसते.

बाकावर कलंडलेल्या माझ्या सासूबाईंनी, सोनुबाईंनी, डोळे न उघडताच विचारलं, "कात्री कशाला गं?"

"थोडं छाटते, आई. बसतच नाय."

"नवरदेव किती उंच हाय?"

"दारात वाकावं लागतं त्याला. त्यात दोस्त उचलून धरनार, हार घालताना."

"मग तिचा हात वर कसा जाईल? खांद्याच्या गोलाईला त्या जास्तीच्या कापडाचीच जागा हाय. कापू नको, जिरव."

एवढं बोलून त्या घोरायला लागल्या. यांना झोपेतही माझी कात्री ऐकू येते.

मी माथ्यावर मोठ्या टाक्याच्या दोन ओळी घातल्या, शिलाईच्या आतच. दोरा हळूहळू ओढून माथा मुंढ्याएवढा केला आणि जास्तीचं बोटांनी सारखं पसरवलं. काखेकडे मात्र काही ठेवलं नाही. टाचण्या लावल्या. या खेपेला बाही खाली, म्हणजे मशीनचे खालचे दाते तीच आत ओढून घेतात. चाक हातानेच फिरवत, टाका टाका करत गेले. शेवटी गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून आतून हलकी इस्त्री. खांदा गोल झाला, एकही चुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मंडपात दोस्तांनी नवरदेवाला उचललं. लोक हसत होते. रुचिताने टाचा उंचावल्या, हार घेऊन दोन्ही हात वर नेले, आणखी वर नेले. सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता. मी मात्र खांद्याकडे.

हार गळ्यात पडला. करवंदाला हात पोचला की हसायची, तशीच ती हसली, आणि मी आपली खांद्याकडे बघत रडले.