बिलात नसलेली बक्षिशी

कुवेतच्या कचेरीत नऊ वर्षं टायपिंग करून खुशाल भंडाऱ्याला परतला, तेव्हापासून आखातात राबणाऱ्यांचे कागद अरबीत करून देणं त्याच्याकडं आपसूक आलं. सानगडीचा डोमा त्याच्यापुढं बसला होता. कंपनीचं पत्र वाचून खुशालच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डोमा कुवेतला कंपनीचा ड्रायव्हर. सुट्टीवर असताना, नागपुरात कामगार निवडायला आलेल्या कंपनीच्या साहेबांना त्यानं मोठ्या हॉटेलात जेवू घातलं आणि बिल कंपनीला पाठवलं. मुंबईच्या कुणा दुभाष्यानं त्याचं अरबी केलं. जेवणाच्या रकमेखालचा विक्रीकर अन् सेवाशुल्क या दोन ओळी त्या शहाण्यानं एकत्र करून ‘बख्शीश’ लिहून टाकलं. तिकडच्या हिशेबनिसानं निकाल दिला, की ड्रायव्हरनं कंपनीच्या नावावर मनसोक्त बक्षिशी उधळली. खुलासा द्या, नाहीतर परत येऊ नका. सोबत बिलाचा फोटो, कारण मूळ बिल त्यांच्या फायलीत.

खुशालनं भिंग धरलं. पदार्थ आणि रकमा पेनानं लिहिलेल्या, पण ‘सेवाशुल्क दहा टक्के’ छापील! हॉटेलनं सगळ्यांकडून घ्यायचं ते, खुशीनं द्यायचं नाही. त्यानं उजवीकडून डावीकडं ओळी मांडल्या: विक्रीकराला ‘जरीबत मबीआत’, सेवाशुल्काला ‘रसम खिदमा’. कंसात लिहिलं, छापील ओळ. सगळ्या रकमा अरबी आकड्यांत, बेरीज जुळवून.

एका पदार्थावर फोटोत फ्लॅशचा पांढरा डाग पडला होता. रक्कम दिसत होती, नाव नाही. डोमा म्हणाला, तिथं वरण लिहा, वरणच होतं.

‘‘दिसत नाही ते मी लिहीत नाही, डोमाभाऊ. लिहिलं तर त्या मुंबईवाल्यात अन् माह्यात फरक काय राहिला?’’ खुशालनं ‘वाचता येत नाही’ असं लिहिलं.

डोमा जरा पुढं सरकला. मग म्हणाला, ‘‘खुशालभाऊ, बक्षिशी मी देल्ली होती. वाढपी पोरगा आपल्या लाखांदूरचा निंगाला. माह्या खिशातून पाच रुपये देल्ले. कंपनीले मागतले नाही. तेवढं लिहून देता का?’’

खुशालचा पेन थांबला. ज्यानं पदरचं देऊन तोंडातून शब्द काढला नाही, त्याच्यावरच बक्षिशीचा आळ! अन् ती खरी गोष्ट लिहायला या कागदावर जागाच नव्हती. मुंबईवाल्याला समोर धरून चार शब्द सुनवावे असं त्याला वाटलं.

‘‘बिलात नाही ते मले लिहिता येत नाही,’’ तो म्हणाला. आवाज त्यालाच कडू लागला.

डोमानं मान डोलावली. खुशालनं सही केली, शिक्का असा हाणला की टेबल हललं, आणि अनुवादाचे पैसे देऊ करणारा डोमाचा हात मागं सारला.