पाचवा तक्ता

थॉमस सरांनी कात्री हातात घेतली आणि छबूच्या अंगाचा तिळपापड झाला.

आठवडाभर खपून तिने तो मजकूर लिहिला होता. मोठा ड्रॉइंग पेपर, निळी शाई, ओळीखाली ओळ मोत्यासारखी. वर नाव, 'निवळीची किमया'. आणि सर त्याच्या पट्ट्या कापत होते! भाजीवाली कोथिंबीर खुडते तशा, एकेक वाक्य वेगळं.

"सर, अख्खा कागूद वाया गेला की!"

"वाया कसा जाईल? शब्द तुझेच राहणार आहेत. फक्त त्यांना आपापल्या घरी पाठवायचं आहे."

खर्ड्याजवळच्या त्या हायस्कुलात प्रयोगशाळा म्हणजे नकाशे, तुटकी बाकं आणि चार बरण्या ठेवायची खोली. तिथे भिंतीला टेकून पाच तक्ते उभे होते. चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्यांवर पांढरा कागद चिकटवून सरांनी ते केले होते. प्रत्येकाच्या माथ्यावर एकेक शब्द: शीर्षक, उद्देश, कृती, परिणाम, निष्कर्ष. जामखेडच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा मजकूर असाच मांडायचा, असं पत्रक आलं होतं.

छबूचा प्रयोग साधा होता. निवळी म्हणजे झाडपाल्याची औषधं विकणाऱ्याकडे बाजारात मिळणारी बटणाएवढी चपटी बी. ती सहाणेवर उगाळायची आणि ते गंध गढूळ पाण्यात ढवळायचं, की गाळ तळाशी बसतो. बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. आता त्र्याहत्तरच्या जानेवारीत दुष्काळी कामावर टँकरमधून जे पाणी यायचं, ते बिनदुधाच्या चहासारखं दिसायचं. छबूची आई साळूबाई तिथेच तलावाच्या बांधावर माती टाकायला जायची. त्या पाण्याचाच प्रयोग लेकीने केला होता.

"हं," सरांनी पट्ट्यांचा ढीग तिच्यापुढे सारला. "प्रत्येक पट्टी उचल आणि तिला विचार. हे मी ठरवलं, की केलं, की पाहिलं, की म्हणते? ठरवलं ते उद्देशात, केलं ते कृतीत, पाहिलं ते परिणामात, म्हणते ते निष्कर्षात."

छबूने पट्ट्या अक्षरशः फेकायला सुरुवात केली. तीन सारख्या बरण्या घेतल्या, प्रत्येकीच्या तळाखाली काळी फुली काढलेला कागद ठेवला, कृतीत. एकाच घागरीचं पाणी सारखं भरलं, कृतीत. एकीत तुरटी, एकीत निवळी, एक तशीच ठेवली, कृतीत. तुरटीच्या बरणीतून फुली अर्ध्या तासात दिसली, निवळीच्या बरणीतून दोन तासांत, साध्या बरणीतून संध्याकाळपर्यंत दिसलीच नाही. ही परिणामात. तिचे हात रागाने भरभर चालत होते, आणि गंमत म्हणजे चुकत नव्हते.

शेवटी हातात एक पट्टी उरली. सगळ्यांत लांब, सगळ्यांत देखणी. 'निवळीने पाणी शुद्ध व निर्धोक होते, उकळण्याची गरज राहत नाही, रोगराई टळते.' ती तिने निष्कर्षात ठेवली.

"थांब," सर म्हणाले. "निष्कर्षाचे पाय चौथ्या तक्त्यावर, परिणामावर, टेकायला हवेत. रोगराई टळली हे चौथ्यावर कुठे आहे?"

"फुली दिसली की!"

"फुली दिसली म्हणजे गाळ बसला. जंतू फुलीपेक्षा बारीक असतात, छबू. ते काचेतून दिसत नाहीत. काही गाळाबरोबर बसत असतील, काही राहत असतील. आपण पाहिलंय का?"

"समदे म्हणत्यात."

"मग 'समदे' म्हणून सहावा तक्ता करू या."

एरवी ती हसली असती. आज सरांचा तो विनोद तिला चावल्यासारखा झाला. "ते वाक्य काढलं तर मग उरलं काय, सर? पानी निवळतं हे माझ्या आजीलाबी ठावं हुतं. त्यासाटी जामखेडला कशाला जायचं?"

सर काही बोलणार, तोच दारात मुख्याध्यापक उभे राहिले. आप्पासाहेब. सगळी शाळा त्यांना मोठे सर म्हणायची. त्यांनी पट्टी उचलली, वाचली आणि चेहरा उजळला.

"वा! हे खरं वाक्य. उद्घाटनाला सभापती येणार आहेत. हे तांबड्या रंगात, मोठ्या अक्षरात आलं पाहिजे. जिल्ह्याला आपलाच नंबर."

"सर, हे प्रयोगातून निघत नाही," थॉमस सर म्हणाले.

"थॉमस, तुम्ही फार कीस काढता. दुष्काळात लोकांना धीर द्यायचा की फुल्या मोजत बसायचं? पोरीने लिहिलंय ना? पोरीचंच राहू द्या."

थॉमस सरांचा जबडा आवळला. त्यांनी कात्री पेटीत ठेवली आणि झाकण असं आपटलं की खडूची भुकटी उडाली. वीस वर्षांत त्यांनी कुणापुढे आवाज चढवला नव्हता; तेव्हाही चढवला नाही. छबूने मात्र जिंकल्याच्या तोऱ्यात ब्रश उचलला आणि पाचवा तक्ता तांबड्या अक्षरांनी भरून टाकला.

शनिवारी गावचा बाजार. त्या दिवशी कामाला सुट्टी म्हणून मोठ्या सरांनी पालकांसाठी प्रदर्शन मांडलं. छबू नवं परकर-पोलकं घालून तक्त्यांशेजारी उभी. लोक येत होते, पण एक गोष्ट तिच्या लवकरच ध्यानात आली. पाच तक्त्यांपैकी लोक दोनच वाचत होते, पहिला आणि पाचवा. मधल्या तिन्हींवरून नजर अशी घसरायची, जशी शेवाळावरून टाच. तिच्या लांब निबंधात ते वाक्य तळाशी दडून होतं. इथे ते एकटं, तांबडंभडक, डोळ्यांत घुसत होतं.

साळूबाई आली, सोबत कामावरची जोडीदारीण, बांधाजवळच पालात राहणारी बनुबाई, तिच्या कडेवर तिचा दीड वर्षाचा गोरक्ष. पोराचे गाल बसलेले. हगवणीतून नुकता उठला होता.

"काय लिवलंय गं शेवटाला?" बनुबाईने विचारलं.

छबूने ऐटीत वाचून दाखवलं.

"म्हंजी उकळायचं न्हाई?" बनुबाईचे डोळे चमकले. "साळू, ऐकलंस का? त्यो डाक्टर कवाधरनं बोंबलतोय, उकळा उकळा. आरं, सरपण काय तुझ्या बापानं ठिवलंय का? शेन न्हाई, काडी न्हाई. बरं झालं बाई! पोरगी शिकली त्याचं चीज झालं." आणि तिने पदराची गाठ सोडून दाखवली. आत मूठभर निवळी. "बाजारात आताच घेतली. आज जाऊन उगाळते."

ती गेली. साळूबाईही मागोमाग, मान वर करून.

छबू तिथेच उभी राहिली. दुपार कलली, लोक येत-जात राहिले, तरी गोरक्षाचे बसलेले गाल डोळ्यांपुढून हलेनात. तिने चौथ्या तक्त्याकडे पाहिलं. तिथे तीन बरण्या होत्या, तीन फुल्या होत्या. गोरक्ष नव्हता. जंतू नव्हते. चौथ्यावर जे नाही, ते पाचव्यावर तिनेच तांबड्या रंगात लिहिलं होतं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. मोठ्या सरांची, सभापतीची, स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरांचीही. तिने पाचवा तक्ता खिळ्यावरून ओढून काढला.

"ए पोरी! काय करतेस?" मोठे सर ओरडले.

"खोटं हाय ते!"

"खोटं? तूच लिहिलंस ना?"

"मीच लिवलं. अन् तुमी तांबडं केलं!"

मोठ्या सरांच्या मानेची शीर फुगली. "नाव काढतो तुझं. जामखेड विसर. तक्ता ठेव खाली!"

पण छबू दाराबाहेर पडली होती. बगलेत फळी, पायात काही नाही.

कामाच्या तळापर्यंतची वाट नांगरटीतून जाते. ढेकळं काचेसारखी कडक झाली होती. मजुरांच्या पालांपाशी पोहोचली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता. बनुबाईने सहाण धुऊन ठेवली होती. घागरीतलं पाणी निवळत आलं होतं, आणि तिच्या हातात तांब्या होता.

"मावशी, देऊ नगा! उकळून द्या."

"का गं? बघ तरी, आरशावानी झालंय."

"दिसतं तेवढंच पाह्यलंय मी. रोग जातो का न्हाई, ते कुनीच बघितलं न्हाई. मी उगंच लिवलं."

बनुबाईने तांब्या खाली ठेवला. मग तिचा आवाज असा चढला की शेजारच्या पालातल्या बाया बाहेर आल्या. "सकाळी म्हनती उकळू नगा, आता म्हनती उकळा! आमी काय तुझ्या बरन्या हाय का गं, आज ह्ये घाल, उद्या त्ये घाल? व्हय, उकळते. आण सरपण! आण की!"

साळूबाई पुढे झाली. "छबे, माफी माग आधी."

छबूने माफी मागितली नाही. तिच्या रागाला आता कुणाचं नाव उरलं नव्हतं. तिने बगलेतली फळी दगडावर टेकवली आणि पाय दिला. चहाच्या खोक्याचं लाकूड कडाडून मोडलं. 'निर्धोक' एकीकडे, 'रोगराई' एकीकडे. तिने ते तुकडे चुलीत सारले. "हे घ्या. ह्यावर उकळा."

बनुबाईने काडी ओढली आणि छोटं पातेलं चढवलं. तांबडा रंग आधी फुगला, मग काळा पडला. पाण्याला बुडबुडे आले, खदखदून उकळी फुटली, आणि थोड्या वेळाने जाळ बसला. एका पातेल्यापुरतंच ते लाकूड.

तेवढ्यात थॉमस सर सायकलवरून उतरले. घामाने निथळत होते. चुलीतली राख त्यांनी पाहिली आणि सगळं समजून चुकले.

"मोठ्या सरांनी नाव काढलंय," ते म्हणाले. "पण चार तक्ते मी घेऊन आलोय. जामखेडला नाही, तर इथे टँकरपाशी लावू." सायकलच्या मागे ते सुतळीने बांधले होते. "पाचव्यावर काय लिहायचं, ते तू सांग."

"निवळीनं गाळ बसतो," छबू म्हणाली. "जंतू जातात का, आमी पाह्यलं न्हाई. उकळून प्या." ती थांबली. बनुबाई पातेलं फडक्याने उतरवत होती, पोरासाठी पाण्यावर फुंकर घालत होती. "अन् एक वाक्य अजून. उकळायला हितं सरपण न्हाई. ते पन लिवायचं. मोठ्या अक्षरात. तो डाक्टर येतो, साहेब येत्यात, त्यास्नी दिसू द्या."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सवयीने विचारलं, "हे कुठल्या तक्त्यावर? पाहिलंस, की म्हणतेस?"

छबूने थंड होत चाललेल्या राखेकडे बोट केलं.

"चौथ्यावर," ती म्हणाली.